कॉलेजचा ईमेल बंद, खातं मात्र जिवंत

समजा, साकोलीची एक मुलगी नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला गेली. पहिल्या वर्षालाच कॉलेजने तिला कॉलेजच्या नावाचा ईमेल दिला. तो गूगलच्या यंत्रणेवर चालणारा होता, दिसायला जीमेलसारखाच, फक्त @ नंतर कॉलेजचं नाव. प्रोजेक्टसाठी एका डिझाइनच्या वेबसाइटवर खातं लागत होतं. तिथे पासवर्ड ठरवा, फॉर्म भरा अशा भानगडीऐवजी "Sign in with Google" असं बटण होतं. तिने ते दाबलं, कॉलेजचा ईमेल निवडला आणि चार सेकंदांत काम झालं. पुढची चार वर्षं तिचे सगळे आराखडे आणि पोर्टफोलिओ तिथेच साठत गेले. शेवटच्या वर्षी तिने यूपीआयने पैसे भरून वर्गणीसुद्धा घेतली.

निकाल लागला. ऑगस्टमध्ये कॉलेजने बाहेर पडलेल्या बॅचची खाती पुसली. सप्टेंबरात मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिने नव्या लॅपटॉपवर तेच बटण दाबलं, तर पडद्यावर आलं: `Couldn’t find your Google Account`. मग कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना फोन: "सर, माझं लॉगिनच होऊन नाही राहिलं. सगळं काम त्याच्यातच आहे ना."

ही मुलगी काल्पनिक आहे, पण तिच्या अडचणीतला प्रत्येक टप्पा खरा आहे. तिचं काम कुठेही गेलेलं नाही. ते त्या वेबसाइटच्या सर्व्हरवर जसंच्या तसं आहे. गेला आहे तो फक्त तिची ओळख पटवून देणारा साक्षीदार.

आधी कॉलेज असं का वागतं ते पाहू, कारण मुलांना तो निव्वळ खडूसपणा वाटतो. शिक्षणसंस्थांना गूगल पूर्वी अमर्याद जागा देत असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने जाहीर केलं, की यापुढे संपूर्ण संस्थेला मिळून मूळ १०० टीबी जागा मिळेल. जुन्या संस्थांना हा नियम जुलै २०२२ पासून लागू झाला. पाच हजार खाती असतील तर माणशी साधारण वीस जीबी. दर वर्षी नवी बॅच येते आणि जुनी मुलं आपले व्हिडिओ, फोटो तिथेच ठेवून निघून जातात. अशा वेळी ज्याच्याकडे या खात्यांचा कारभार आहे, तो माणूस सर्वांत आधी पास होऊन गेलेल्यांकडेच पाहणार. शिवाय हे खातं कायद्याने आणि व्यवहाराने संस्थेचं असतं, विद्यार्थ्याचं नसतं. ते कधी बंद करायचं हे संस्था ठरवते. नोकरीतल्या ईमेललाही हेच लागू आहे.

आता त्या बटणाच्या मागे काय घडतं ते. बटण दाबलं की वेबसाइट तुम्हाला गूगलच्या दारात पाठवते. ब्राउझरच्या पट्टीत `accounts.google.com` दिसतं ते याचमुळे. पासवर्ड तिथे द्यायचा असतो, वेबसाइटला तो कधीच दिसत नाही. गूगलची खात्री पटली की तो सही केलेली एक चिठ्ठी तुमच्या ब्राउझरमार्फत वेबसाइटला पोहोचवतो. ही पद्धत ज्या मानकावर चालते त्याचं नाव ओपनआयडी कनेक्ट, ते २०१४ मध्ये आलं. चिठ्ठीतला आपल्या कामाचा भाग साधारण असा असतो:

```json
{
  "iss": "https://accounts.google.com",
  "sub": "10769150350006150715113082367",
  "email": "student@college.example",
  "email_verified": true,
  "hd": "college.example"
}
```

`iss` म्हणजे चिठ्ठी कोणी दिली. `email` तर दिसतोच आहे, आणि `hd` म्हणजे खातं कोणत्या संस्थेच्या डोमेनचं आहे ते. पण सगळा खेळ आहे तो `sub` या लांबलचक आकड्याचा. गूगल प्रत्येक खात्याला असा एक आकडा देतो, जो दुसऱ्या कुणालाही पुन्हा कधी दिला जात नाही. ईमेलचा पत्ता बदलला तरी हा आकडा तोच राहतो. म्हणून वेबसाइट बनवणाऱ्यांना गूगलची स्पष्ट सूचना आहे, की माणूस ओळखायचा तो `sub` वरून, ईमेलवरून नाही.

आपल्या मुलीने पहिल्या दिवशी बटण दाबलं तेव्हा डिझाइनच्या वेबसाइटने आपल्या वहीत एक ओळ लिहिली: हा `sub` घेऊन जो येईल त्याला हे खातं उघडून द्यायचं. त्याच ओळीत ईमेलही लिहून ठेवला, पण तो बहुधा पत्रव्यवहारापुरता. पासवर्डची जागा रिकामीच राहिली, कारण तो कधी ठरवलाच नव्हता. आज ती "माझा जुना पासवर्ड चालत नाही" म्हणते, तेव्हा तिला गूगलचा पासवर्ड आठवत असतो. तो त्या वेबसाइटला कधीच ठाऊक नव्हता.

या रचनेतली एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते, आणि सुटकेची सर्वांत सोपी वाट तिथेच आहे. गूगलची साक्ष लागते ती फक्त आत शिरताना. एकदा आत घेतलं की वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये स्वतःची कुकी ठेवते आणि पुढे त्या कुकीवरच तुम्हाला ओळखते. गूगलला रोज विचारायला ती जात नाही. गूगलकडे अशी सोय आहे, की खातं बंद पडल्याचा निरोप तो वेबसाइटला पाठवू शकतो. पण त्यासाठी वेबसाइटने तो निरोप ऐकण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागते, आणि सगळ्याच वेबसाइट ती करत नाहीत. परिणाम असा, की गूगल खातं पुसलं गेल्यावरही जुन्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये तेच खातं कित्येक दिवस, कधी महिने, उघडंच राहतं. तोवर काही बिघडलं आहे याचा पत्ताही लागत नाही. नवा फोन घेतला, ब्राउझर साफ केला किंवा सवयीने लॉगआउट दाबलं, की दार बंद होतं.

म्हणून लॅबमधल्या शहाण्या सरांचा पहिला प्रश्न असतो: "जुन्या फोनमध्ये ते ॲप अजून चालू आहे का? असेल तर त्याला हात लावू नको, लॉगआउट तर मुळीच करू नको."

दुसरा प्रश्न: पडद्यावर नेमकं काय आलं? कारण "लॉगिन होत नाही" या एका तक्रारीखाली अगदी वेगवेगळे बिघाड असतात. `Couldn’t find your Google Account` आलं तर खातं पुसलं गेलं आहे, किंवा पत्ता लिहिताना चूक झाली आहे. आधी स्पेलिंग तपासावं. `Error 400: admin_policy_enforced` आलं तर खातं शाबूत आहे, पण संस्थेच्या प्रशासकाने बाहेरच्या त्या ॲपला मनाई केली आहे. आणि `Error 401: deleted_client` आलं तर तुमच्या ईमेलचा काही संबंधच नाही. वेबसाइटनेच गूगलकडची आपली नोंदणी काढून टाकली आहे, आणि ते बटण कुणालाच चालणार नाही. खातं पुसलेलं नसून नुसतं निलंबित असेल, तर गूगल तसं सांगून प्रशासकाशी बोलायला सांगतो. हा फरक मोलाचा आहे, कारण निलंबित खातं प्रशासक पुन्हा चालू करून देऊ शकतो. पुसलेल्याला मात्र मुदत असते.

जुन्या फोनवर खातं उघडं सापडलं असं धरू. मग तिथल्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचा ईमेल घालायचा आणि पासवर्ड ठरवायचा, किंवा "Connected accounts" सारख्या जागी स्वतःचं जीमेल जोडायचं. क्रम महत्त्वाचा आहे. नवी वाट चालू झाल्याची खात्री होईपर्यंत कॉलेजच्या खात्याचा दुवा तोडायचा नाही. ती खात्री दुसऱ्या यंत्रावर किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत लॉगिन करून घ्यायची, त्याच फोनवर लॉगआउट करून नव्हे. इथे एक अडथळा येऊ शकतो. काही वेबसाइट ईमेल बदलण्याआधी "तुम्हीच आहात ना" म्हणून पुन्हा गूगलच्या दारात पाठवतात, किंवा जुन्या पत्त्यावर दुजोऱ्याची मेल टाकतात. चोराने हाती लागलेल्या फोनवरून खातं पळवू नये म्हणून ही काळजी आहे आणि ती योग्यच आहे, पण आपल्या मुलीची इथे कोंडी होते. तसं झालं तर निदान आतलं सगळं काम उतरवून घ्यावं. फायली आणि बिलं डाउनलोड करून ठेवावीत. बिलं का, ते पुढे येईल.

उघडं यंत्र सापडलं नाही, किंवा वर सांगितलेली कोंडी झाली, तर दुसरी वाट कॉलेजकडे जाते. गूगलच्या संस्थात्मक सेवेत पुसलेलं खातं प्रशासक २० दिवसांच्या आत परत आणू शकतो. परत आलेलं खातं तेच असतं, त्याचा `sub` ही तोच असतो आणि बटण पूर्वीसारखं चालतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुसलेलं खातं सप्टेंबरात मागायला गेलं तर मुदत उलटून गेलेली असते.

मुदत उलटल्यावर बरेच जण आशेने विचारतात, "सर, तोच पत्ता नव्याने बनवून द्या ना." प्रशासक तो देऊ शकतो, कारण डोमेन कॉलेजचं आहे. पण अक्षरन् अक्षर तोच पत्ता असला तरी गूगलच्या लेखी हे नवं खातं असतं आणि त्याचा `sub` वेगळा असतो. मग बटण दाबल्यावर काय होईल ते वेबसाइटवर अवलंबून आहे. नीट बांधलेली वेबसाइट वहीत हा आकडा शोधते, तो सापडत नाही, आणि "या ईमेलवर आधीच खातं आहे" असं सांगून थांबवते. कुठे त्याच ईमेलवर दुसरं रिकामं खातं उघडलं जातं आणि मुलीला वाटतं, की आपलं काम उडालं. तिसऱ्या प्रकारची वेबसाइट आकड्याकडे न पाहता ईमेल जुळला म्हणून सरळ आत घेते. मुलीला त्या दिवशी ही तिसरी सर्वांत चांगली वाटेल. ती का चांगली नाही, ते शेवटी सांगतो.

नव्याने बनवलेल्या पत्त्याचा खरा उपयोग बटणासाठी नाहीच. तो आहे टपालासाठी. वेबसाइटवर जाऊन "Forgot password" दाबायचं. वेबसाइट वहीत लिहिलेल्या ईमेलवर दुवा पाठवते. पत्ता बंद असताना ती मेल `550 5.1.1` असा क्रमांक घेऊन परत फिरत होती, म्हणजे असा पत्ताच नाही म्हणून. आता ती पोहोचते. पासवर्डची रिकामी जागा त्या दुव्यावरून भरता येते, अनेक वेबसाइट तेवढी मुभा देतात. एकदा पासवर्ड ठरला की लगेच आत जाऊन ईमेल बदलून घ्यायचा. यासाठी कॉलेजला अख्खं खातंसुद्धा बनवावं लागत नाही. प्रशासकाने तो जुना पत्ता आपल्याच एखाद्या खात्याला टोपणपत्ता म्हणून जोडला तरी मेल येते, आणि मुलगी समोर बसलेली असताना दहा मिनिटांत काम उरकतं. मात्र त्याने तिची ओळख नीट तपासली पाहिजे. त्या दुव्याने कुणाचंही खातं कुणाच्याही हाती जाऊ शकतं.

घरगुती जीमेलचं गणित वेगळं. @gmail.com चा पुसलेला पत्ता गूगल पुन्हा कुणालाच देत नाही, मूळ मालकालाही नाही. त्यामुळे नव्याने बनवण्याची ही युक्ती तिथे लागू पडत नाही. खातं नुकतंच पुसलं असेल तर गूगलच्या रिकव्हरीच्या पानावरून ते परत मिळण्याची शक्यता असते, पण दिवस गेले की ती वाट संपते. आणि हे खातं पुसायला माणसाने काही करावं लागतंच असं नाही. मे २०२३ मध्ये गूगलने नियम जाहीर केला, की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आपल्याकडे अनेकांचं पहिलं जीमेल प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्याने किंवा सेतू केंद्रातल्या दादाने काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्याच्या वहीत आणि रिकव्हरीचा नंबरही कधीकधी त्याचाच. गूगल पुसण्याआधी इशारे पाठवतो, पण ते त्याच न उघडलेल्या पेटीत किंवा दिलाच असेल तर रिकव्हरीच्या पत्त्यावर जातात. एक दिलासा आहे. त्या खात्याने दुसऱ्या वेबसाइटवर "Sign in with Google" केलं तरी गूगल ते खातं वापरात आहे असं धरतो. म्हणजे आपलं बटण आपणच जिवंत ठेवू शकतो, पण खरोखर बटण दाबलं तर. जुन्या कुकीवर नुसतं ॲप उघडून बघितल्याने ते होत नाही.

फेसबुकने लॉगिन केलेल्यांची गतही तीच. खातं कायमचं पुसायची मागणी केल्यावर ३० दिवसांत मन बदलता येतं. पुढे त्यावर चालणारी बाकीची लॉगिनं बंद पडतात, आणि फेसबुक स्वतःच सांगतं की त्या त्या ॲपवाल्यांशी बोला.

तेव्हा तिसरी वाट म्हणजे वेबसाइटच्या मदतकक्षाला लिहिणं. इथे लोक हमखास चुकतात ते भावनेने. "माझं चार वर्षांचं काम आहे, कृपा करा" या वाक्याने पलीकडच्या माणसाला काहीच तपासता येत नाही. त्याला हवं असतं ते त्याच्या वहीशी ताडून पाहता येईल असं काही. वर्गणीचं बिल आणि त्यावरचा क्रमांक, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि तारीख, खातं साधारण कधी उघडलं, आतल्या दोन-तीन फायलींची नेमकी नावं, आणि कॉलेजकडून एक ओळीचं पत्र, की हा पत्ता अमुक विद्यार्थिनीचा होता आणि अमुक तारखेला बंद केला. आपल्या मुलीच्या बाबतीत यूपीआयचा क्रमांक सर्वांत जड, कारण तो बँकेच्या नोंदीतही सापडतो. आधार कार्डाची प्रत पाठवून फारसा उपयोग नाही, कारण वेबसाइटने आधार कधी पाहिलेलंच नसतं, मग ती ताडणार कशाशी? काही सेवा एवढ्यावर खातं जोडून देतात, काही ठाम नकार देतात. मदतकक्ष गप्पच बसला तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावं. भारतातल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थ सेवांना तो नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि निवारण ठरलेल्या मुदतीत करायचं असतं. तक्रार फेटाळली तर त्यावर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे ३० दिवसांत जाता येतं, पत्ता `gac.gov.in`. प्रत्येक वेबसाइट या नियमांतली मध्यस्थ ठरतेच असं नाही, पण तिच्या पानाच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे का, हे पाहायला काय हरकत आहे.

शेवटच्या सत्रात बसलेल्यांसाठी हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे. `myaccount.google.com/connections` उघडलं की या गूगल खात्याने कुठे कुठे लॉगिन केलं आहे त्याची यादी मिळते. कॉलेजच्या खात्यातून ती उघडावी आणि एकेका सेवेवर जाऊन स्वतःचा ईमेल व पासवर्ड जोडावा. एनपीटीईएलचे कोर्स केलेल्यांनी जास्त जपावं. तिथे परीक्षेचा अर्ज कोर्सला वापरलेल्या ईमेलनेच भरायचा असतो, म्हणजे आठव्या सत्रात नाव नोंदवतानाच स्वतःचा पत्ता दिलेला बरा. प्रमाणपत्रं उतरवून घ्यावीतच.

राहिली ती ईमेल जुळला म्हणून आत घेणारी वेबसाइट. जानेवारी २०२५ मध्ये ट्रफल सिक्युरिटी या कंपनीने दाखवलं, की बंद पडलेल्या स्टार्टअपचं डोमेन विकत घेऊन, तिथे जुन्या कर्मचाऱ्यांचेच पत्ते नव्याने बनवून, "Sign in with Google" ने त्यांच्या जुन्या खात्यांत शिरता येतं. गप्पांची ॲपं उघडलीच, शिवाय पगार आणि भरतीची माहिती ठेवणाऱ्या सेवाही उघडल्या. `sub` वेगळा होता, पण त्या सेवा `email` आणि `hd` वरच विसंबल्या होत्या. आपल्या मुलीला जी ढिलाई सोयीची वाटली असती, ती हीच. .ac.in हे डोमेन फक्त शिक्षणसंस्थांना मिळतं आणि ते अर्नेट इंडियामार्फत नोंदवलं जातं, त्यामुळे कॉलेज बंद पडलं तरी कुणी वाटसरू ते उचलू शकत नाही. पण .com किंवा .org वर पत्ते वाटणारी खासगी क्लासेस आणि छोट्या संस्था आपल्याकडेही आहेत. तिथलं डोमेन नूतनीकरणाअभावी सुटलं, की हजारेक रुपयांत ते कुणाचंही होतं, आणि त्याबरोबर तिथल्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने येणारी "Forgot password" ची मेलसुद्धा.